कॉलम कितीही रुंद केला तरी काही सेलमधील ##### जात नाहीत : ड्यूटीच्या तासांच्या तक्त्याबाबत मदत हवी

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्याकडे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या दोन जणांच्या ड्यूटीचे तास मी दर महिन्याला एक्सेलमध्ये मांडतो. एका महिन्याच्या 31 दिवसांच्या हिशेबाने तक्त्यात 62 ओळी आहेत. त्यांपैकी 10 ओळी सुट्टीच्या असल्यामुळे रिकाम्या राहतात आणि उरलेल्या 52 ओळींत कामाची नोंद असते. प्रत्येक पाळी आठ तासांची आहे. D मध्ये दिनांक, E मध्ये सुरुवातीची वेळ, F मध्ये समाप्तीची वेळ आणि G मध्ये त्या दोहोंची वजाबाकी अशी रचना आहे. शेवटच्या कॉलममध्ये शेरा लिहितो.

अडचण अशी आहे की D आणि G या दोन्ही कॉलममध्ये मधूनमधून ##### दिसते. D मध्ये काही तारखा नीट दिसतात, काही दिसत नाहीत. G मध्येही तसेच आहे. D रुंद केला तेव्हा तिथले हॅश गेले, पण मग तक्ता उभ्या ए-फोर कागदावर मावेना, म्हणून तो पुन्हा अरुंद करावा लागला. G मात्र मी 40 इतका रुंद करून पाहिला, तरी तिथले हॅश कमी होण्याऐवजी सेलभर पसरून आणखी लांब झाले. सूत्र सर्व ओळींत एकच आहे, तरी काही ओळींत उत्तर दिसते आणि काहींत दिसत नाही, हे मला समजत नाही. हा तक्ता छापून दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात, म्हणून तो वाचता येणे गरजेचे आहे.

---

पडवी

हॅश म्हणजे आकडा मावत नाही, दुसरे काही नाही. कॉलमच्या शीर्षकातील अक्षरांच्या मधल्या रेषेवर, म्हणजे D आणि E यांच्या सीमेवर, माउसने दोनदा क्लिक करा. कॉलम आपोआप हवा तेवढा रुंद होतो. कागदावर जागा नसेल तर संपूर्ण तक्ता निवडा, Ctrl+1 दाबा, `Alignment` मध्ये जा आणि `Shrink to fit` वर खूण करा. मग रुंदीचा विचारच करावा लागत नाही, कारण मजकूर स्वतःच लहान होऊन सेलमध्ये बसतो. मी माझ्या सर्व तक्त्यांना हे एकदाच लावून ठेवतो आणि मला हॅश कधी दिसत नाहीत.

---

उंबरठा

धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे केले. D मधील हॅश गेले, परंतु दिवसाचे नाव जितके लांब तितकी तारीख बारीक झाली आहे. एका ओळीत अक्षरे ठसठशीत, तर तिच्या खालच्या ओळीत इतकी लहान की छापल्यावर भिंगच लागेल. गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे त्या बारीक सेलवर क्लिक केले तरी फॉन्टचा आकार 11 असाच दाखवला जातो. G मधील हॅश जसेच्या तसे आहेत.

---

मोजपट्टी

उपाय सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो, कारण D आणि G या दोन कॉलममधील हॅश वेगवेगळ्या कारणांनी आलेले आहेत असा माझा अंदाज आहे. पहिली गोष्ट, G मधील एखाद्या हॅश असलेल्या सेलवर क्लिक न करता माउसचा बाण नुसता थोडा वेळ ठेवा आणि जी छोटी सूचना उमटेल ती वाचून सांगा. दुसरी, अशा एका ओळीतील सुरुवातीची व समाप्तीची वेळ लिहा आणि असे हॅश एकूण किती ओळींत आहेत तेही मोजून सांगा. G खालची बेरीज काय दाखवते, हेही कळले तर बरे.

---

अक्षरवेल

माझीही हीच तक्रार आहे. शेऱ्याच्या कॉलममध्ये लांब वाक्य लिहिले की ते अर्धवट कापले जाते आणि पुढचे दिसत नाही. हॅश येत नाहीत, पण वाचता येत नाही हे खरे. `Wrap text` लावले की काही ओळी आपोआप उंच होतात आणि काही होत नाहीत. ज्या होत नाहीत तिथे देवनागरीच्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. यावरही कोणी सांगावे.

---

उंबरठा

मोजपट्टी, सूचनेत इंग्रजीत असे लिहून येते की ऋण किंवा फार मोठी तारीख वा वेळ हॅशच्या रूपात दिसते. नवव्या ओळीत सुरुवात 22:00 आणि समाप्ती 6:00 आहे. असे हॅश एकूण 13 ओळींत आहेत. बेरजेच्या सेलमध्ये मात्र हॅश नाहीत; तिथे 8:00 असे दिसते, जे उघडच चुकीचे आहे. 52 पाळ्यांची बेरीज आठ तास कशी होईल?

---

मोजपट्टी

ही सूचना वाचल्यामुळे अर्धे काम झाले. हॅश केवळ रुंदीमुळे येतात हे पडवी यांचे म्हणणे D कॉलमपुरते खरे आहे, G च्या बाबतीत ते लागू होत नाही.

आधी D घेऊ. मजकूर सेलमध्ये मावला नाही तर एक्सेल तो शेजारच्या रिकाम्या सेलवर पसरू देते आणि शेजारी काही लिहिलेले असेल तर कापून दाखवते. आकड्याच्या बाबतीत ते कापाकापी करत नाही, कारण 48150 मधील शेवटचे दोन अंक कापले गेले तर वाचणाऱ्याला 481 दिसेल आणि तो तेच खरे मानून चालेल. अर्धे वाक्य अर्धवट आहे हे वाचणाऱ्याला कळते, अर्धा आकडा अर्धवट आहे हे मात्र कळत नाही. तारीख आणि वेळ हे एक्सेलच्या दृष्टीने आकडेच असल्यामुळे त्यांनाही हाच न्याय लागतो. तुमच्या तारखेच्या स्वरूपात दिवसाचे पूर्ण नाव, महिन्याचे पूर्ण नाव आणि वर्ष असे सर्व असावे, म्हणून लहान नावाचा दिवस मावतो आणि लांब नावाचा मावत नाही. इथे कॉलम रुंद करण्याआधी किंवा अक्षरे लहान करण्याआधी तारखेचे स्वरूप आखूड करावे. महिना आणि वर्ष तक्त्याच्या मथळ्यात असतीलच. Ctrl+1 दाबून `Number` मधील `Custom` मध्ये पुढील स्वरूप लिहा:

```
ddd dd-mm
```

तारीख आतमध्ये पूर्ण राहते, फक्त दिसते आखूड. मग `Shrink to fit` ची खूण काढा आणि सीमेवर दोनदा क्लिक करा.

आता G. वेळ ही एक्सेलमध्ये दिवसाचा अंश म्हणून साठवलेली असते. सकाळचे सहा म्हणजे 0.25 आणि रात्रीचे दहा म्हणजे सुमारे 0.9167. नवव्या ओळीत समाप्तीतून सुरुवात वजा केली की उत्तर ऋण येते, उणे सोळा तास. मध्यरात्र ओलांडली गेली आहे हे सूत्राला कळायला काही मार्गच नाही. एक्सेलच्या नेहमीच्या 1900 च्या तारीखपद्धतीत ऋण तारीख किंवा ऋण वेळ दाखवण्याची सोयच नसल्यामुळे ते सेल हॅशने भरून टाकते. कॉलम जितका रुंद, तितके हॅश अधिक. म्हणूनच 40 रुंदीनेही काही झाले नाही आणि अक्षरे लहान करूनही झाले नाही. हीच यातली खूण आहे: रुंद केल्यावर हॅश गेले तर कारण जागेचे आणि हॅश वाढले तर कारण सेलमधील किमतीचे.

सेल हॅश दाखवत असला तरी त्यातली किंमत बेरजेत धरली जाते. तुमच्या 13 ओळींमधील उणे तास बेरजेतून वजा झालेले आहेत. बेरजेचे 8:00 हे उत्तर आणखी एका कारणाने फसवे आहे: `h:mm` हे स्वरूप 24 तास पूर्ण झाले की पुन्हा शून्यापासून मोजते. बेरजेच्या सेलला `[h]:mm` स्वरूप द्या आणि G च्या सूत्रात पुढीलप्रमाणे बदल करा:

```
=MOD(F5-E5,1)
```

ऋण उत्तरात हे सूत्र एक दिवस मिळवते, म्हणून उणे सोळाचे आठ होतात. बेरीज काय येते ते सांगा, आधीची आणि नंतरची, दोन्ही.

---

पडवी

ऋण वेळेचे मला ठाऊक नव्हते. पण त्याला आणखी सोपा उपाय आहे असे वाचल्याचे आठवते. `File`, `Options`, `Advanced` मध्ये `Use 1904 date system` अशी खूण आहे. ती केली की ऋण वेळ उणे चिन्हासह सरळ दिसते, एकही सूत्र बदलावे लागत नाही.

---

मोजपट्टी

कृपया भरलेल्या तक्त्यात ती खूण करू नका. ऋण वेळ दिसू लागते हे बरोबर आहे, परंतु 1900 आणि 1904 या दोन पद्धतींच्या प्रारंभबिंदूंत 1462 दिवसांचे अंतर आहे. D मधील आधी भरलेल्या सर्व तारखा एका क्षणात चार वर्षे आणि एक दिवस पुढे सरकतील. शिवाय या फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये तारखा चिकटवल्या तर तिथेही तेच अंतर पडेल आणि कारण शोधणे कठीण जाईल. आणि इथे उणे सोळा तास नीट दिसून उपयोग काय? त्या माणसाने आठ तास काम केले आहे.

---

दिवेलागण

मी लिब्रेऑफिस कॅल्क वापरतो. तिथे तासांच्या सेलला `[HH]:MM` स्वरूप असेल तर ऋण वेळ -16:00 अशी सरळ दिसते, हॅश येत नाहीत. त्यामुळे माझ्याकडे व्यवस्थित दिसणारी फाइल एक्सेल वापरणाऱ्याला पाठवली की त्याला हॅश दिसत आणि आम्ही दोघेही एकमेकांना कॉलम रुंद करायला सांगत बसायचो. आज कारण समजले. न मावणारा आकडा मात्र कॅल्कमध्येही ### असाच दिसतो, आणि मजकूर कापला गेला असेल तर सेलच्या कडेला लाल त्रिकोण येतो, जो मला फार उपयोगी वाटतो.

---

उंबरठा

बेरीज कळवतो. जुन्या सूत्राने `[h]:mm` स्वरूपात 128:00 आली. नवे सूत्र लावल्यावर सर्व हॅश गेले आणि बेरीज 440:00 झाली. `h:mm` स्वरूपात मात्र दोन्ही वेळा 8:00 च दिसत होते, हे पाहून मी थक्क झालो, कारण तो सेल गेले कित्येक महिने मी असाच छापत आलो आहे. D आता आखूड स्वरूपात नीट दिसतो. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला. सर्वांचे मनापासून आभार.

---

दिवेलागण

थोडे थांबावे असे सुचवतो. तुम्हीच वर लिहिले आहे की 52 पाळ्या आहेत आणि प्रत्येक आठ तासांची आहे. 52 गुणिले 8 म्हणजे 416. तुमची बेरीज 440 येते, म्हणजे 24 तास जास्त. ते कुठून आले?

---

उंबरठा

आपले म्हणणे बरोबर आहे. G कॉलम ओळीने वाचत गेलो. दोन ओळींत 20:00 असे उत्तर आहे. दोन्ही ओळी दुपारच्या पाळीच्या आहेत. सुरुवात 14:00 लिहिली आहे आणि समाप्ती 22:00 ऐवजी 10:00 लिहिली आहे. नोंद करणाऱ्याने रात्रीचे दहा वाजले म्हणून 10:00 असे लिहिले असणार. म्हणजे माझ्या 13 हॅशपैकी 11 रात्रपाळीचे होते आणि 2 चुकीच्या नोंदींचे.

---

मोजपट्टी

दिवेलागण यांनी जे पकडले ते मी सूत्र देतानाच सांगायला हवे होते. जुन्या सूत्रात 10:00 मधून 14:00 वजा होऊन उणे चार तास येत होते आणि हॅश दिसत होते. म्हणजे ती चूक डोळ्यांसमोर होती. `MOD` ने त्या उणे चारमध्येही इमानाने एक दिवस मिळवला आणि चुकीची नोंद वीस तासांच्या सुबक उत्तराखाली झाकली गेली. आकडेही जुळतात: दोन ओळींत प्रत्येकी बारा तास जास्त, म्हणून 24. या दोन नोंदी दुरुस्त केल्यावर 416:00 येईल. `h:mm` मध्ये तीही 8:00 अशीच दिसली असती, कारण 128, 416 आणि 440 या तिन्ही संख्यांना 24 ने भागल्यावर बाकी आठच उरते.

हॅश घालवण्यासाठी जे काही करतो त्याने हॅशचे कारण गेले की फक्त हॅश गेले, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे. आठ तासांच्या पाळ्यांत बारा तासांपेक्षा मोठे उत्तर संशयास्पद आहे, म्हणून सूत्राने तिथे आकडा न देता शब्द द्यावा:

```
=IF(MOD(F5-E5,1)>12/24,"तपासा",MOD(F5-E5,1))
```

बेरीज करणारे `SUM` मजकूर सोडून देते, त्यामुळे संशयास्पद ओळ तपासली जाईपर्यंत बेरजेत धरली जात नाही.

---

पाणपोई

माझ्याकडे असाच तक्ता आहे, म्हणून हे सूत्र लगेच लावून पाहिले. माझ्या तक्त्यात चालू दिवसाची ओळ असते, तिच्यात सुरुवात लिहिलेली असते आणि समाप्ती अजून रिकामी असते. 14:00 वाजता कामावर आलेल्या माणसाच्या नावावर सूत्र आताच 10:00 तास दाखवत आहे. तो नुकताच आला आहे.

---

मोजपट्टी

बरोबर आहे, तो माझ्या सूत्रातील दोष आहे. रिकामा सेल शून्य म्हणजे मध्यरात्र समजला जातो, उत्तर उणे चौदा तास येते आणि `MOD` त्याचे दहा करते. दहा हे बारापेक्षा कमी असल्यामुळे तपासणीतूनही निसटते. दोन्ही वेळा भरलेल्या असतील तरच हिशेब करावा:

```
=IF(COUNT(E5:F5)<2,"",
 IF(MOD(F5-E5,1)>12/24,"तपासा",
 MOD(F5-E5,1)))
```

समाप्ती खरोखर मध्यरात्री असेल आणि 0:00 लिहिली असेल तर `COUNT` ती मोजते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. सुट्टीच्या ओळीही आता कोऱ्या राहतील.

अक्षरवेल, तुमचा प्रश्न मागे राहिला होता. मजकुराला हॅश का येत नाहीत ते वर आलेच आहे. लांब शेऱ्यासाठी `Wrap text` हाच योग्य मार्ग आहे; त्याने मजकूर सेलच्या आत खालच्या ओळीवर येतो आणि ओळीची उंची वाढते. ज्या ओळींची उंची वाढत नाही त्यांची उंची पूर्वी कधीतरी हाताने ठरवलेली असावी. एकदा उंची हाताने ओढली की एक्सेल ती तुमची इच्छा समजते आणि पुढे स्वतःहून बदलत नाही. त्या ओळी निवडून `Home`, `Format`, `AutoFit Row Height` केले की ओळी पुन्हा मजकुराप्रमाणे उंच होऊ लागतात. वेलांट्या आणि उकार कापले जाणे हेही बहुतेक त्यामुळेच. उंची पॉइंटमध्ये मोजतात, नेहमीची 15 असते आणि ती सहसा रोमन अक्षरांना पुरते, पण देवनागरीच्या पुष्कळ फॉन्टना वरखाली जास्त जागा लागते. `Shrink to fit` चा इथे उपयोग नाही, कारण ते फक्त रुंदीकडे पाहते, उंचीकडे नाही. शिवाय `Wrap text` सुरू असताना ती खूण करताच येत नाही.

---

अक्षरवेल

बहुतेक ओळी सुधारल्या. दोन मात्र अजूनही तशाच आहेत, जिथे मी शेऱ्याचे तीन सेल एकत्र जोडले आहेत.

---

मोजपट्टी

जोडलेल्या सेलमधील मजकुराप्रमाणे ओळीची उंची आपोआप ठरत नाही. तिथे उंची हातानेच द्यावी लागते. शक्य असेल तर सेल जोडण्याऐवजी शेऱ्याचा एकच कॉलम रुंद ठेवावा, असे माझे मत आहे.

---

उंबरठा

बेरीज आता 416:00 आहे आणि दोन्ही नोंदी मूळ वहीवरून दुरुस्त केल्या आहेत. परंतु छपाईच्या वेळी एक नवीन गोष्ट दिसली. पडद्यावर D मधील प्रत्येक तारीख नीट आहे, तरी छापण्याआधीच्या पूर्वदृश्यात तीन तारखांच्या जागी ### येते. कॉलमची रुंदी 8.43 म्हणजे काय, सेंटीमीटर का? तसे असेल तर कागदावर इतकी रुंदी नक्कीच नाही.

---

मोजपट्टी

सेंटीमीटर नव्हे. 8.43 म्हणजे त्या फाइलच्या मूळ फॉन्टमधील साधारण तितके अंक एका ओळीत मावतील एवढी रुंदी. म्हणूनच फाइलचा मूळ फॉन्ट बदलला की तोच 8.43 प्रत्यक्षात कमीजास्त होतो आणि ठळक अक्षरे किंवा मोठा फॉन्ट त्या हिशेबात बसत नाही. ओळीची उंची आणि कॉलमची रुंदी यांची एकके वेगवेगळी आहेत, त्यामुळे दोन्हींना 15 दिले तर चौकोन मिळत नाही.

पूर्वदृश्यातील हॅश यासाठी येतात की अक्षरांची रुंदी पडद्यासाठी आणि प्रिंटरसाठी सारखी बसत नाही. सीमेवर दोनदा क्लिक केले की कॉलम पडद्यावरील मजकुराला अगदी लागून बसतो. छपाईत केसाइतकी जागा कमी पडली तरी पूर्ण तारीख हॅश होते. आपोआप बसवलेल्या रुंदीत एका अंकाएवढी वाढ करा, 9.3 आली असेल तर 10.3 द्या, आणि पूर्वदृश्य पुन्हा पाहा. पडद्याचे झूम बदलून पाहिले तरी कोणते कॉलम काठावर आहेत ते बऱ्याचदा कळते. सूत्र असलेल्या कॉलमला तर अशी मोकळीक द्यावीच, कारण आज बसवलेली रुंदी पुढे उत्तर मोठे झाल्यावर स्वतःहून वाढत नाही.

---

पडवी

मग `Shrink to fit` कधी वापरायचेच नाही का? D कॉलमला ते लावले असते तर पूर्वदृश्यात हॅश आले नसते.

---

मोजपट्टी

तसे नाही. अगदी थोडी जागा कमी पडत असेल तर अकराऐवजी दहा आकारात दिसलेली तारीख हॅशपेक्षा नक्कीच चांगली. निश्चित आकाराच्या छापील नमुन्यात, जिथे कॉलम हलवण्याची मुभा नाही, तिथे मीही ते वापरतो. अडचण अशी आहे की त्याला खालची मर्यादा ठरवून देता येत नाही आणि ते प्रत्येक सेलचा स्वतंत्र विचार करते. कॉलम अरुंद होत गेला तर ते आकडा वाचता न येण्याइतका बारीक करते आणि कुठलीही सूचना देत नाही. फॉन्टचा आकारही 11 च दाखवत राहते, जे धागाकर्त्यांनी पाहिलेच आहे. पूर्ण तक्त्याला सरसकट लावण्याला माझा विरोध आहे. कागदावर सर्व कॉलम बसवायचे असतील तर छपाईच्या मांडणीत `Fit All Columns on One Page` निवडावे. त्याने सर्व अक्षरे सारख्याच प्रमाणात लहान होतात.

---

पडवी

पटले. माझ्या जुन्या तक्त्यांतील दोन आज उघडले, तर एका कॉलममधील सात अंकी आकडे मुंगीएवढे आहेत. रुंदी वाढवताच ते पूर्ववत दिसले. एवढे दिवस ते कोणी वाचत असेल असे वाटत नाही.

---

पाणपोई

`तपासा` वाल्या सूत्राबद्दल एक शंका. आमच्याकडे बदली माणूस आला नाही तर तोच माणूस सलग दोन पाळ्या करतो. 14:00 ते दुसऱ्या दिवशी 6:00, म्हणजे सोळा तास, ही खरी नोंद असते. बारा तासांची मर्यादा तिलाही संशयित ठरवते आणि मर्यादा वीसवर नेली तर 10:00 वाली चूक पुन्हा निसटते.

---

मोजपट्टी

अशा ठिकाणी नुसती वेळ पुरत नाही. E आणि F मध्ये तारखेसह वेळ लिहावी, म्हणजे `MOD` ची गरजच उरत नाही, साधी वजाबाकी चालते. मध्यरात्र ओलांडली तरी उत्तर बरोबर येते आणि चूक झाली तर पुन्हा हॅश दिसतात, जे इथे हवेच आहेत. माझ्या मते दीर्घकाळ वापरायच्या तक्त्यासाठी हीच मांडणी योग्य.

---

दिवेलागण

याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. वेळ लिहिणारा माणूस वहीतून घाईत भरत असतो. त्याला प्रत्येक नोंदीत दोनदा तारीख लिहायला लावली तर वेळेतील चुका कमी होतील, पण तारखेतील चुका वाढतील. तारीख एका दिवसाने चुकली आणि उत्तर 32 तास आले तर G चे स्वरूप `h:mm` असताना ते 8:00 असेच दिसेल, म्हणजे अगदी खऱ्या पाळीसारखे. शिवाय `dd-mm hh:mm` साठी दोन कॉलम जवळजवळ दुप्पट रुंद लागतील आणि उभ्या कागदाचा प्रश्न पुन्हा उभा राहील. मला G च्या शेजारी फक्त "दुसरा दिवस" असा एक अंकी कॉलम, 0 किंवा 1, अधिक सोयीचा वाटतो.

---

मोजपट्टी

32 तासांचा मुद्दा बरोबर आहे. G च्या प्रत्येक सेललाही `[h]:mm` च द्यावे लागेल. एक अंकी कॉलमचे सूत्र `=F5+H5-E5` असे सरळ होईल, पण तो अंक भरायला विसरले की पुन्हा हॅश येतील.

---

दिवेलागण

विसरल्याचे दिसावे म्हणूनच तर तो हवा आहे.

---

उंबरठा

दोन्ही पद्धती पुढच्या महिन्याच्या तक्त्यात एकेका माणसासाठी लावून पाहतो आणि नोंद करणाऱ्याला कोणती जमते ते इथे लिहितो. D कॉलम 10.3 रुंद केल्यावर पूर्वदृश्यातील हॅश गेले आणि तक्ता उभ्या कागदावर मावला. मागील महिन्यांचे तक्तेही आता उघडून पाहत आहे. पहिल्याच तक्त्यात बेरजेच्या सेलमध्ये 16:00 आहे आणि `[h]:mm` केल्यावर तिथे 88:00 दिसत आहे. त्यातील हॅश असलेल्या ओळी वहीशी ताडून पाहाव्या लागतील.